आईच्या नावात दोनच अक्षरं

माझी भाची सातवीत आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आईला द्यायचं कार्ड ती स्वतः करत होती आणि त्यावर कविताही स्वतःचीच हवी होती. इंग्रजीच्या तासाला तिला एक युक्ती शिकवली होती. 'मदर' हा शब्द उभा लिहायचा, त्याच्या सहा अक्षरांपासून सहा ओळी सुरू करायच्या, की कविता तयार. तेच मराठीत करायला ती बसली, आणि पाचव्या मिनिटाला मला फोन आला. "मामा, आईमध्ये दोनच अक्षरं आहेत. आणि ई पासून काहीच सुरू होत नाही."

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की शब्द व्हावा, अशा रचनेला आद्याक्षरी म्हणू. हा खेळ मराठीला नवा नाही. मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं परंपरेनं सांगतात. त्यांतल्या मंत्ररामायणात त्यांनी 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरं रचनेत गुंफली आहेत. निरोष्ठ रामायणात तर ओठांना ओठ लागतील अशी प, फ, ब, भ, म ही अक्षरंच वर्ज्य केली, म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही. त्या रामायणात 'माय' किंवा 'माता'ही बसली नसती. 'आई' मात्र खुशाल बसली असती, कारण तिच्यात व्यंजनच नाही. दोन स्वर, तेही दीर्घ. हाक मारायला उत्तम, पण ओळी पाडायला बसलं की अवघड.

आ ची अडचण नाही. आजी, आमटी, आवळा, आठवण, आधी, आत्ता; वाटेल तेवढे शब्द. ई साठी मी भाचीला कोश काढायला लावला. कुठल्याही मराठी कोशात ई चा भाग बोटभर असतो. ईश्वर, ईशान्य, ईर्षा, ईप्सित, ईद, ईर, ईडलिंबू अशी वीत-दीड वीत यादी झाली, की संपलं. म्हणून मराठी कार्डांवर दुसरी ओळ हमखास ईश्वरापासून सुरू होते. आ म्हणजे आत्मा आणि ई म्हणजे ईश्वर, ही फोडही त्यातूनच सगळीकडे फिरते. ती शब्दाची व्युत्पत्ती नाही, ई च्या टंचाईतून काढलेली पळवाट आहे. भाचीनं ईश्वर आधीच नाकारला होता. "तो सगळ्यांच्याच कार्डावर आहे," म्हणाली.

मग तिनं दुसरी पळवाट काढली आणि 'ईच्छा' लिहिलं. पुढच्या प्रयत्नात 'ईवलासा', त्याच्या पुढच्यात 'ईथे'. इथं मी मास्तर झालो, इलाज नव्हता. इच्छा हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, तो तिकडेच ऱ्हस्व आहे. इवलासा आणि इथे हे मराठी शब्द, आणि मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे मराठी शब्दात शेवटचा इकार दीर्घ, त्याच्या अलीकडचा ऱ्हस्व. अपवाद एकच मोठा: शब्द अकारान्त असला तर शेवटून दुसरा इकार दीर्घ होतो. वीट, नीज, ईर. पण तिथेही प्रत्यय लागला की तो पुन्हा आखडतो. वीट पण विटेला, ईर पण इरेला. म्हणजे 'इरेला पेटणे' हा झकास वाक्प्रचार आईसाठी वापरावा म्हटलं, तर नेमका प्रत्ययामुळे हातचा जातो.

आद्याक्षरीत ही चूक नजरेआड होत नाही, कारण ती अक्षरं आपण मुद्दाम मोठी आणि रंगीत काढतो. 'ईच्छा' मधला ई लाल शाईत असतो.

ओळींची संख्या वाढवायला दुसरा शब्द घेता येतो. 'जननी' घेतलं तर फार सोपं. नी साठी 'नीट' आणि 'नीज' हजर आहेत. पण घरात जननी म्हणून कोण हाक मारतं? 'माउली'त शेवटी ली येते, आणि तिथे लीन नाहीतर लीला, दोन्ही देवळातले. शेवटी 'माझी आई' ठरलं. मा, झी, आ, ई: चार ओळी. इथे एक गोष्ट भाचीला सांगावी लागली. इंग्रजीत एकेक अक्षर सुटं असतं. मराठीत काना-वेलांटीसकट अख्खं अक्षर ओळीच्या तोंडी यायला हवं. 'मला'नं सुरू होणारी ओळ मा साठी चालत नाही.

झी साठी तिला आधी टीव्हीची वाहिनीच सुचली. मग 'झीजलेली', पण झिजणे ऱ्हस्व. नाम मात्र झीज. वीट-विटेचाच न्याय. मी विचारलं, "घरात काय झिजलंय?" ती उठून गेली असावी, कारण फोनवर जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाली, "आईची उजव्या हातातली बांगडी. माठ भरताना काठाला घासते."

तिथून कविता चालू लागली. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं धरायची, असं मी सुचवलं. अष्टाक्षरी मराठी कानाला सवयीची, आणि बोटांवर मोजता येते. जोडाक्षर एकच धरायचं. पहिल्या तीन ओळी तासाभरात झाल्या. ई अडला. मी ईडलिंबू पुढे केलं. 'ईडलिंबाचे लोणचे' बरोब्बर आठ अक्षरं भरतात आणि मी स्वतःवर खूश होतो. भाची म्हणाली, "ते काय असतं? आई ते कधी करत नाही." ओळ गेली. वृत्तात बसणारा शब्द त्या स्वयंपाकघरात बसत नसेल तर काय करायचाय.

रात्री जेवताना तिचा तिलाच ई सापडला. कोशात नव्हे, ताटात.

माठ भरते पहाटे,
झीज दिसे बांगडीला,
आधी वाढते सर्वांना,
ईऽ म्हणते मी भाजीला.

मराठी मुलं नाक मुरडून जो ई काढतात तो चांगला लांबलचक, दीर्घच असतो. त्याला सामान्यरूप नाही की प्रत्यय नाही, त्यामुळे तो आखडत नाही. वरच्या तीन ओळींत आई आहे आणि चौथीत अचानक मुलगी येते, तीही तक्रार करत. मी दोन-तीन शब्द बदलून बघितले आणि परत होते तसेच ठेवले.

कार्ड कॉम्प्युटरवर छापायचा बेत होता, पण पहिलं अक्षर मोठं करताना 'मा' मधला म मोठा झाला आणि काना बिचारा मूळच्या मापाचा, बाजूला. मग हातानंच लिहिलं. हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्विस बाईंना ते आवडलं असतं. १९१४ मध्ये अमेरिकेत मातृदिनाला सरकारी मान्यता मिळाली, आणि पुढे त्याच दिवसाचा बाजार झाला म्हणून त्या आयुष्यभर चिडल्या. छापील कार्डांवर त्यांचा विशेष राग होता.

रविवारी बहिणीचा फोन आला. उभी अक्षरं तिनं वाचलीच नव्हती, लेकीनं बोट ठेवून दाखवली तेव्हा कळलं. "छान आहे," म्हणाली. "फक्त कुठल्या भाजीला ते लिहायचं टाळलंय हिनं. सगळ्यांनाच म्हणते."