२२० वजा वय : हा हिशेब कितपत खरा?

परवा ५० वर्षांचे एक शिक्षक घाबरून दवाखान्यात आले. टेकडी चढताना मनगटावरच्या घड्याळात नाडी १७४ दिसली होती. ‘२२० वजा वय’ या हिशेबाने त्यांची कमाल १७०. “डॉक्टरसाहेब, मर्यादा ओलांडली. आता टेकडी बंद करू का?” छातीत दुखणे, चक्कर असे काहीच नव्हते. तरीही मी त्यांची ट्रेडमिलवर ताण-चाचणी करवून घेतली. पूर्ण दमेपर्यंत चालल्यावर नाडी १८४ वर जाऊन थांबली. आलेख निर्दोष निघाला. म्हणजे त्यांची खरी कमाल जवळपास १८४!

हे सूत्र १९७१ च्या सुमारास अमेरिकेत, निरनिराळ्या पाहण्यांच्या आकड्यांतून अंदाजे रेघ ओढून रूढ झाले. ते फक्त सरासरी सांगते. एकाच वयाच्या निरोगी माणसांत सरासरीपासून दहा-बारा ठोक्यांचा फरक नेहमीचाच. विसांत एखाद्याचा वीसहूनही अधिक असतो. २००१ मध्ये सुधारित सूत्र आले : वयाला ०.७ ने गुणून २०८ मधून वजा करा. त्यानेही आमच्या शिक्षकांची कमाल १७३ च येते. बरे, कमाल जास्त म्हणजे प्रकृती ठणठणीत, असेही नव्हे. ती बरीचशी उपजत असते, व्यायामाने वाढत नाही.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांचे उलट असते. दमछाक झाली तरी त्यांची नाडी सूत्राच्या बरीच खाली राहते. त्यांनी आकडा गाठायला धावू नये. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवावा. छातीत दाब वाटला किंवा चक्कर आली, तर घड्याळात ११० असले तरी थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.