केळीच्या पानावर करपा नेमका किती?

पाचोरा-भडगावकडे कापूस मुख्य पीक, पण गिरणेच्या पाण्यावर केळीही उभी राहते. रावेर-यावल-चोपड्याकडे तर केळीशिवाय बोलणंच नाही. पावसाळा लांबला की मृगबागेच्या खालच्या पानांवर सिगाटोका, म्हणजे आपला करपा, चढायला लागतो. अशा वेळी बागेत तीन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात: करपा आहे का, कुठे आहे आणि किती आहे. गेल्या दहा वर्षांत संगणकाला पिकाचे फोटो वाचायला शिकवण्याचं जे काम झालं, त्यातही हेच तीन टप्पे दिसतात. फवारणीचा आणि पानं कापण्याचा निर्णय तिसऱ्या प्रश्नावर ठरतो, म्हणून या लेखाचा भर त्यावर आहे.

पहिला प्रश्न वर्गीकरणाचा. अख्खा फोटो द्यायचा आणि एक नाव घ्यायचं. मोहंती आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्लांटव्हिलेज संग्रहातल्या ५४,३०६ पानांच्या फोटोंवर हे करून दाखवलं आणि ९९.३५ टक्के उत्तरं बरोबर आली. त्या संग्रहाबाहेरचे, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर मात्र हा आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास घसरला. त्यातल्या चौदा पिकांत केळीही नव्हती आणि कापूसही. शिवाय नाव बरोबर आलं तरी एका ठिपक्याचं पान आणि अर्धं जळालेलं पान यांना शिक्का एकच मिळतो.

दुसरा प्रश्न शोधाचा, म्हणजे फोटोत रोग दिसेल तिथे चौकोन आखण्याचा. केळीसाठी २०१९ मध्ये आफ्रिका आणि दक्षिण भारतातल्या बागांच्या सुमारे अठरा हजार फोटोंवर असं काम झालं, त्यातून ‘तुमाईनी’ हे मोबाइल ॲप निघालं. घड किंवा सापळ्यातले पतंग मोजायचे असतील तर चौकोन पुरतो. करप्याच्या रेषा मात्र पानाच्या आडव्या शिरांना धरून सरकतात आणि फोटोत बहुधा तिरप्या येतात. ४० पिक्सेल लांब आणि ५ रुंद अशी तिरकी रेषा चौकोनात बसवली, तर चौकोनाचं क्षेत्र हजाराच्या वर जातं आणि त्यात रोगाचे पिक्सेल दोनशेच असतात. चौकोनांची बेरीज करून करप्याचं प्रमाण काढलं, तर ते पाचपट फुगेल.

करप्याची तीव्रता मोजायला स्टोव्हर यांची, पुढे गौल यांनी सुधारलेली मोजपट्टी वापरतात. पानाचा ५ टक्क्यांपर्यंतचा भाग बाधित असेल तर दुसरी श्रेणी, ६ ते १५ टक्के असेल तर तिसरी, आणि निम्म्याहून जास्त गेला तर सहावी. ही टक्केवारी डोळ्यांनी अंदाजायची असते. संगणकाकडून ती हवी असेल तर फोटोतला प्रत्येक पिक्सेल जमीन, निरोगी पान की डाग हे ठरवावं लागतं. हेच विभाजन.

यासाठी खूप वापरली जाणारी न्यूरल जाळ्याची रचना म्हणजे यू-नेट. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या रोनेबर्गर, फिशर आणि ब्रॉक्स यांनी ती २०१५ मध्ये पेशींच्या सूक्ष्मदर्शक चित्रांसाठी मांडली. तिचा पहिला अर्धा भाग एन्कोडर. तो ५१२ पिक्सेलचं चित्र २५६, १२८, ६४ असं निम्मं करत ३२ वर आणतो. तिथला एकेक कप्पा पानाचा मोठा भाग एकदम पाहतो, त्यामुळे वाऱ्याने फाटलेली वाळकी कड आणि करप्याचा तपकिरी डाग यांतला फरक त्याला आजूबाजूवरून कळतो. पण डागाची कड नेमकी कुठे, हे निम्मं करण्याच्या प्रत्येक पायरीवर हरवत जातं. दुसरा अर्धा, डीकोडर, चित्र पुन्हा ५१२ पर्यंत वाढवतो आणि प्रत्येक पायरीवर एन्कोडरच्या त्याच मापाच्या पायरीवरची बारीक माहिती सरळ उचलून जोडतो. ही जोडणी काढून टाकली तर डाग ओळखले जातात, पण कडा विरघळतात.

आता शिकवणीचा प्रश्न. समजा ५१२ बाय ५१२ च्या तुकड्यात २,६२,१४४ पिक्सेल आहेत. पानाचे १,००,०००, त्यात डागाचे ६,०००. जाळ्याने डाग कुठेच नाही असं सांगितलं, तरी डाग आहे की नाही या प्रश्नाची ९७.७ टक्के पिक्सेलांची उत्तरं बरोबर निघतात. पिक्सेलगणिक चूक मोजून शिकवलं, तर जाळं याच आळशी उत्तराकडे ओढलं जातं. म्हणून आच्छादन मोजतात, म्हणजे माणसाने रंगवलेला डाग आणि जाळ्याने रंगवलेला डाग एकमेकांवर किती बसतात ते. सामाईक भागाची दुप्पट भागिले दोन्ही क्षेत्रांची बेरीज, हा डाइस गुणांक. ली डाइस यांनी तो १९४५ मध्ये दोन जीवजाती एकत्र किती वेळा आढळतात हे मोजायला दिला होता; त्याचा भाऊबंद असलेल्या मापामागचे जॅकार्ड आल्प्समधल्या वनस्पती मोजणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. म्हणजे ही मापं रानातूनच आली आहेत. २०१६ च्या व्ही-नेट या जाळ्याने डाइस थेट शिकवणीत आणला; त्याचं साधं रूप असं:

```python
def dice_loss(p, g, s=1.0):
    inter = (p * g).sum()
    return 1 - (2*inter + s) / (p.sum() + g.sum() + s)
```

वरच्या तुकड्यात जाळ्याने ५,००० पिक्सेल रंगवले आणि त्यातले ४,००० खरे निघाले, तर डाइस येतो ८,००० भागिले ११,०००, म्हणजे ०.७३. काहीच न रंगवणाऱ्याला जवळपास शून्य. हे चांगलंच. पण हेच प्रमाण सगळ्या पानावर धरा: खरा करपा ६ टक्के, जाळ्याचा ५, आणि श्रेणी तिसऱ्याची दुसरी झाली. उलटही घडतं. जाळ्याने बरोबर ६,००० पिक्सेल रंगवले, पण त्यातले १,००० च डागावर पडले, तर टक्केवारी अचूक येते आणि डाइस ०.१७. अशा जाळ्याला करपा दिसलेलाच नाही, पुढच्या पानावर ते उघडं पडेल. म्हणून मला दोन्ही आकडे शेजारी शेजारी हवे असतात.

खरी अडचण सुरुवातीच्या करप्याची, आणि फवारणीचा उपयोगही तेव्हाच जास्त. त्या रेषा एक-दोन मिलिमीटरच्या. दोन मीटरचं पान ५१२ पिक्सेलमध्ये आवळलं की एका पिक्सेलमध्ये जवळजवळ चार मिलिमीटर येतात आणि रेषा शिकवणीआधीच पुसली जाते. म्हणून ४,००० बाय ३,००० चा मूळ फोटो आवळायचा नाही, त्याचे पन्नासेक तुकडे करून द्यायचे. तिथे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि रेषेला दोन-चार पिक्सेल मिळतात.

तुकडे केले की डाइसची दुसरी बाजू समोर येते. बऱ्याच तुकड्यांत डाग नसतोच. वरच्या सूत्रात s नसता तर शून्य भागिले शून्य झालं असतं. s आहे म्हणून कोऱ्या तुकड्यावर कोरं उत्तर दिलं तर दंड शून्य, पण त्याच तुकड्यात धुळीचा ठसा पाहून ९९ पिक्सेल रंगवले तर दंड ०.९९. तुकडा जणू पुरता चुकला. अशी शिकवण मिळालेलं जाळं बारीक डागांना भिऊ लागतं. उपाय असा की डाइस एकेका तुकड्यावर न काढता अनेक तुकड्यांच्या बेरजेवर काढायचा आणि त्याला पिक्सेलगणिक चुकीच्या मापाची जोड द्यायची.

लहान डागाला कडेची चूकही महाग पडते. ६० पिक्सेल व्यासाचा गोल डाग सगळीकडून एक पिक्सेल आत रंगवला तर डाइस ०.९७ राहतो, ६ पिक्सेलच्या डागाला तीच चूक ०.६२ वर आणते. आणि करप्याची कड तरी कुठे धरायची? मध्ये राखाडी, भोवती गडद तपकिरी, त्याबाहेर पिवळं वलय. एक जण पिवळं धरून रंगवतो, दुसरा सोडून. म्हणून काम सुरू होण्याआधीच पिवळं धरायचं की नाही हे लिहून ठरवावं आणि काही पानं दोघांकडून वेगवेगळी रंगवून घ्यावीत. त्या दोघांचा आपसातला डाइस जेवढा येईल, त्याच्या वरचा आकडा एखाद्या जाळ्याने दाखवला, तर आधी शिकवणीतली पानं परीक्षेत मिसळली नाहीत ना हे तपासावं. एकाच बागेतले, एकाच सकाळचे फोटो दोन्हीकडे वाटले गेले असतील तर नेमकं हेच होतं. परीक्षेची पानं वेगळ्या बागेची हवीत, आणि मृगबागेवर शिकवलं असेल तर कांदेबागेचीही.