संस्थापक-दिन आणि हिंगण्याची झोपडी

१८ एप्रिल हा अण्णासाहेब कर्वे यांचा जन्मदिन. त्यानिमित्त हिंगण्यास प्रथमच येणाऱ्यांस आम्ही सुचवू, की भाषणांपूर्वी आवारातील जुनी झोपडी पाहावी.

अण्णासाहेबांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो विधवांच्या शिक्षणासाठी. स्वतः त्यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला होता. त्यामुळे आश्रम म्हणजे पुनर्विवाहाचेच ठिकाण, अशी शंका लोकांस येणे साहजिक होते. मुलीवर असा बोल येणार असेल, तर कोणता बाप तिला पाठवील? म्हणून त्यांनी पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून अलग ठेवला. येथे फक्त शिकवायचे, असा नेम केला.

पुढे प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, आश्रम शहराबाहेर हिंगण्यास आला. जागा गोखले यांनी दिली होती. वस्ती या झोपडीत झाली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णासाहेब कित्येक मैल पायी येथे येत.

आज कर्वेनगर म्हणून गजबजलेला हा भाग तेव्हा ओसाड होता. तो एकांतवास ध्यानी घेतला, म्हणजे झोपडी बोलू लागते.