भीती आधी हातात उतरते

तोंडी परीक्षेसाठी बाकावर ताटकळत बसलेल्या मुलीचा हात हातात घेऊन पाहा. एप्रिलची दुपार असते, कपाळ कोमट असतं, पण बोटं बर्फासारखी गार आणि तळवा ओला. चेहरा पांढराफटक. आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो आणि जीभ टाळूला चिकटते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, काही खाल्लं नसेल. खरं तर तिचं शरीर त्या क्षणी पळायला सज्ज झालेलं असतं.

बोटांची टोकं, तळवे, तळपाय, नाक आणि कान यांच्या कातडीखाली रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. हात उबदार राहतो तो मुख्यतः या वाटांतून वाहणाऱ्या रक्तामुळे. घाबरलो की मज्जातंतूंचा इशारा येतो आणि त्या वाटा आवळल्या जातात. पाठोपाठ मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनालिन रक्तात उतरतं. गंमत अशी, की हेच ॲड्रेनालिन कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि मांड्या-दंडांच्या स्नायूंतल्या सैल करतं. दोन्हीकडचे ग्राही वेगळे असतात, कातडीत अल्फा आणि स्नायूंत बीटा. म्हणून रक्त तेवढंच राहतं, त्याची वाटणी बदलते. त्याच वेळी मज्जातंतू तळव्यांच्या घामग्रंथींनाही चेतवतात, म्हणून हात नुसता गार नसतो, तो ओलाही असतो.

तोंडाची गोष्ट थोडी निराळी. पातळ, भरपूर लाळ सुटते ती निवांतपणाच्या मज्जातंतूंमुळे. भीतीत ते मागे पडतात, उरते ती थोडी आणि चिकट लाळ. त्यात तोंडाने भराभर श्वास चालू असला की तीही सुकते. आपल्याकडे जुन्या धर्मशास्त्रात चोरीच्या संशयिताला तांदूळ चावायला लावण्याचं दिव्य होतं. टाळू कोरडी पडणं हे त्यात अपराधाचं लक्षण मानलं जाई. पण कोरड भीतीची असते, आणि निरपराध माणूसही घाबरतोच. त्या दिव्यात किती जण नाहक अडकले असतील, या विचाराने आजही वाईट वाटतं.

परीक्षा संपली की थोड्या वेळात बोटं पुन्हा गरम होतात, कधी मुंग्याही येतात. तसं झालं नाही तर मात्र कारण दुसरीकडे शोधावं. खालची पापणी हलकेच ओढून पाहावी. आतला भागही फिकट असेल तर रक्त कमी असण्याची शंका घ्यावी. थंडीत एखाददुसरंच बोट ठळक सीमारेषेसह पांढरं, मग निळं पडत असेल, तर तो रक्तवाहिन्यांचा वेगळा आजार असू शकतो. धडधड आणि थरथर आहे, पण ओला तळवा गार नसून सतत गरम लागतो, तेव्हा डॉक्टर थायरॉइडची तपासणी सांगतात. तोंड कायम कोरडं राहत असेल तर मधुमेह किंवा चालू असलेली औषधंही तपासून घ्यावी लागतात.