व्हॉलीबॉलमधील रोटेशन व सर्व्हिसचा क्रम

रोटेशन म्हणजे व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिसचा हक्क परत मिळताच संघातील सहाही खेळाडूंनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक स्थान पुढे सरकणे. सर्व्हिस कोणी कधी करावयाची हे या फिरण्यावरूनच ठरते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात शालेय सामने तालुका पातळीवरून जिल्हा पातळीवर जातात. तेथे पोहोचलेल्या संघांचीही सर्व्हिसची पाळी चुकू शकते, आणि बहुधा ती लिबेरोच्या ये-जा करण्याच्या वेळी चुकते.

स्थाने व क्रम

मैदानाच्या मागील उजव्या कोपऱ्यातील स्थान १ क्रमांकाचे असून तेथील खेळाडू सर्व्हिस करतो. जाळ्याजवळ उजवीकडून डावीकडे २, ३, ४ आणि मागे डावीकडे ५ व मध्ये ६ ही स्थाने येतात. फिरताना २ वरील खेळाडू १ वर आणि १ वरील ६ वर जातो. प्रत्येक सेटपूर्वी प्रशिक्षक सहा खेळाडूंची मांडणी लिहून देतो व तो क्रम सेट संपेपर्यंत बांधील राहतो. बदली खेळाडू आला तरी तो बाहेर गेलेल्याचीच पाळी घेतो.

हे बंधन नसते, तर उंच खेळाडू कायम जाळ्याजवळ राहिले असते आणि सर्वोत्तम सर्व्हिस करणाराच प्रत्येक वेळी सर्व्हिस करीत राहिला असता.

लिबेरो

१९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात रूढ झालेला लिबेरो हा केवळ बचावासाठीचा खेळाडू होय. त्याचा सदरा इतरांहून वेगळ्या रंगाचा असतो. तो फक्त मागच्या रांगेत खेळतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याला सर्व्हिस वा ब्लॉक करता येत नाही, तसेच जाळ्याच्या पूर्णपणे वर असलेला चेंडू मारून पलीकडे पाठविता येत नाही. त्याचे येणे-जाणे नेहमीच्या बदलींत मोजले जात नाही. मात्र अशा दोन अदलाबदलींमध्ये किमान एक रॅली पूर्ण व्हावी लागते. मुख्य म्हणजे मांडणीतील सहा जणांत त्याची स्वतःची पाळी नसते. ज्याच्या जागी तो उभा असतो त्याचाच क्रम तो पुढे नेतो.

एक उदाहरण

वाडिया पार्कवर जिल्हास्तरीय सामना चालू आहे असे समजू. ‘अ’ संघाची मांडणी स्थान १ ते ६ अशी आहे : ५, ९, ३, ११, ७ आणि ८ क्रमांकाचे सदरे. याच क्रमाने त्यांनी सर्व्हिस करावयाची आहे. ८ हा मधला ब्लॉकर असल्याने मागे त्याच्या जागी लिबेरो खेळतो. पहिली सर्व्हिस ५ ने केली व दुसरी पाळी ९ ची झाली, तेव्हा लिबेरो ५ व्या स्थानी होता. नंतर सर्व्हिस प्रतिपक्षाकडे गेली आणि ती परत मिळाली तेव्हा गुण १२-१२ झाले. आता फिरल्यावर लिबेरो ४ थ्या स्थानी, म्हणजे पुढच्या रांगेत, येईल. म्हणून त्याला बाहेर जाऊन ८ ला आत घ्यावे लागते. सर्व्हिस ३ ने करावयाची. परंतु ३ हा दुसरा मधला ब्लॉकर आहे आणि मागच्या रांगेत त्याच्याही जागी लिबेरोच असतो, अशी सर्वांना सवय. आपलीही जागा आता लिबेरो घेणार असे समजून ३ थांबतो आणि ११ चेंडू उचलतो.

समजा ही चूक लगेच कोणाच्या लक्षात आली नाही व ११ च्या सर्व्हिसवर ‘अ’ने तीन गुण घेतले : १५-१२. मग गुणलेखकाने तक्ता पडताळला. चूक नेमकी कोठून सुरू झाली हे त्यावरून दिसत असल्याने ते तीनही गुण रद्द होतात, आणि प्रतिपक्षाला एक गुण व सर्व्हिस मिळते. फलक १२-१३ होतो. ‘अ’ला खेळाडूंचा क्रम दुरुस्त करावा लागतो, ३ ची ही पाळी मात्र गेली. या काळात प्रतिपक्षाने मिळविलेले गुण असते तर ते कायम राहिले असते. चुकीचा क्षणच निश्चित करता आला नसता, तर जुने गुण रद्द झाले नसते. केवळ एक गुण व सर्व्हिस एवढीच शिक्षा झाली असती.

गुण का जातो

जुन्या पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळे, त्यामुळे अशा चुकीत त्याची सर्व्हिस तेवढी जाई. प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली आणि सर्व्हिसच्या क्रमाची चूक ही हरलेल्या रॅलीसारखीच ठरली. चेंडू मारण्यापूर्वी गुणलेखकाने ‘तुमची पाळी नाही’ असे सांगावयाचे नसते. सर्व्हिस झाल्यावरच तो चूक दाखवितो. शंका असल्यास कर्णधाराने सर्व्हिसपूर्वी पंचांकडे स्थाने पडताळून मागावीत. ही मुभा त्याला आहे, पण शालेय संघ तिचा उपयोग क्वचितच करताना दिसतात.