तुमच्या वायफायवर कोण कोण आहे?

घरच्या वायफायला जोडलेला फोन घ्या आणि ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाका. बहुतेक घरांत यांपैकी एका आकड्यावर राउटरचं पान उघडतं. नाही उघडलं तर राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर खरा पत्ता असतो, आणि लॉगिनचा पासवर्डही बहुधा तिथेच असतो. आत 'Connected Devices' किंवा 'DHCP Clients' नावाची यादी असते. तुमच्या वायफायवर या क्षणी कोण कोण बसलंय, ते तिथे दिसतं.

ही यादी पहिल्यांदा पाहिली की माणूस दचकतो. घरात चार फोन आणि एक टीव्ही, मग ही अकरा नावं कुठून आली? पण लगेच शेजाऱ्यांवर संशय घेऊ नका. `ESP_` ने सुरू होणारं नाव बहुधा तुमच्याच स्मार्ट बल्बचं किंवा प्लगचं असतं, कारण त्यातली चिप एस्प्रेसिफ कंपनीची असते. नावाशेजारी बारा अक्षरांचा मॅक पत्ता असतो. त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल, म्हणजे पत्ता `DA:4F…` असा सुरू होत असेल, तर तो कुठल्या तरी फोनने किंवा लॅपटॉपने स्वतःच बनवलेला खोटा पत्ता आहे. माग काढता येऊ नये म्हणून अलीकडचे फोन हे मुद्दाम करतात. तेव्हा सरळ उपाय म्हणजे घरातली उपकरणं एकेक करून बंद करायची आणि दरवेळी यादी ताजी करून पाहायची. काही राउटर गेलेलं नाव लगेच पुसत नाहीत, म्हणून थोडं थांबा. सगळं बंद करूनही जे नाव उरतं, ते परकं.

आता त्या परक्याला 'Block' करण्याचा मोह होतो. त्याचा फारसा उपयोग नाही. ब्लॉक होतो तो मॅक पत्ता, आणि फोनच्या सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की तोच फोन नव्या पत्त्याने परत येतो. पासवर्ड त्याच्याकडे आहेच. तो बदलल्याशिवाय परका जात नाही.

पण बदलून ठेवतो काय? आपल्याकडे हमखास मोबाइल नंबर. २०२१ साली इडो हूरविच या सुरक्षा संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५,००० वायफाय जाळ्यांची माहिती हवेतून टिपली आणि ३,५०० हून अधिक पासवर्ड शोधून काढले. त्यांतले दोन हजारांवर पासवर्ड मोबाइल नंबर होते.

हे जमतं ते डब्ल्यूपीए-२ या जुन्या पद्धतीच्या रचनेमुळे. त्यात जोडणीच्या वेळची देवाणघेवाण एकदा टिपली की ती घरी नेऊन पासवर्डचे अंदाज निवांत तपासता येतात, आणि राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज सहज तपासतं. हिशेब केला तर सगळे नंबर तासा-सव्वातासात संपतात. याउलट शब्दकोश डोळे मिटून पाच वेळा उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या: `pankha-sutar-olava-jakat-morpis`. पाच हजार शब्दांतून असे पाच निवडले, तर त्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला लाखभर वर्षं लागतील. शब्द मात्र चिठ्ठीसारखे निघायला हवेत. मनाने निवडले की मुलांची नावं आणि कुलदैवत येतंच. हा छापलेला नमुनाही वापरू नका.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ती मूळ फटच बुजवली. इथे प्रत्येक अंदाज राउटरशी प्रत्यक्ष बोलूनच तपासावा लागतो. टिपलेला मजकूर घरी नेऊन काही साधत नाही.

राउटरच्या 'Wireless Security' मध्ये मात्र बहुधा दोन पर्याय दिसतात, `WPA3-Personal` आणि `WPA2/WPA3`. दुसरा सोयीचा वाटतो, कारण त्यावर जुना प्रिंटरही चालतो. पण जुनी उपकरणं त्याच पासवर्डने डब्ल्यूपीए-२ वरूनच जोडली जातात, आणि पासवर्डचे अंदाज घरी बसून तपासण्याची वाट तशीच उघडी राहते. म्हणून मुख्य जाळं फक्त डब्ल्यूपीए-३ वर ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जुना प्रिंटर, बल्ब आणि पाहुणे यांच्यासाठी राउटरमधलं 'Guest Network' सुरू करून त्याला वेगळा, तितकाच लांब पासवर्ड द्या. काही राउटर दोन्ही जाळ्यांना एकच सुरक्षा लावतात. तिथे मिश्र पर्यायच घ्यावा लागतो, आणि मग सगळी मदार पासवर्डच्या लांबीवर. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-३ नसेलच, तर `WPA2-AES` निवडा.

पासवर्ड बदलला की घरातली सगळीच यंत्रं तुटतात. एकेक परत जोडा. अँड्रॉइड फोनवर जोडलेल्या वायफायचा तपशील उघडला की 'Security' पुढे WPA3 दिसायला हवं. WPA2 दिसलं, तर तो फोन जुना आहे किंवा राउटर अजून मिश्र पर्यायावर आहे.