टाकीची नोटीस आणि ‘मायसेल्फ’

आमच्या इमारतीची गच्चीवरची पाण्याची टाकी गळायला लागली, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी एक नोटीस लिहिली. मराठी न वाचणारी बरीच बिऱ्हाडं आता इमारतीत आहेत, म्हणून नोटीस इंग्रजीत. फळ्यावर लावण्याआधी ती माझ्याकडे घेऊन आले. “तुमचं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलंय, जरा नजर टाका,” म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. म्हणजे नजर आत्ताच टाकायची होती.

पाच वाक्यांची नोटीस. पहिलं वाक्य होतं, ‘मायसेल्फ अँड द ट्रेझरर व्हिजिटेड द टँक ऑन संडे.’ मी ‘मायसेल्फ’ खोडून ‘द ट्रेझरर अँड आय’ केलं. सेक्रेटरींचा चेहरा पडला. “आय म्हटलं की फार मीमी वाटतं हो,” ते म्हणाले. “मायसेल्फमध्ये जरा नम्रपणा आहे.”

इथेच खरी गोम आहे. ‘मायसेल्फ’ हा ‘आय’चा सभ्य अवतार नाही. तो वेगळ्या कामाचा शब्द आहे. वाक्यात जो करतो त्याच्यावरच क्रिया उलटून आली, तर इंग्रजीला तो लागतो. भाजी चिरताना माझंच बोट कापलं, तर ‘आय कट मायसेल्फ’. आरशात मी मला पाहिलं, तर ‘आय सॉ मायसेल्फ इन द मिरर’. इथे नुसतं ‘मी’ चालत नाही. (हे इंग्रजीतलं ‘मी’, म्हणजे आपलं ‘मला’. आपला कर्ता आणि त्यांचं कर्म यांचा उच्चार एकच निघावा, हा दैवाचा विनोदच.) टाकी पाहायला जाणाऱ्याकडे मात्र काहीच उलटून येत नाही. तो साधा कर्ता आहे, आणि कर्त्याच्या जागेवर ‘मायसेल्फ’ एकटा बसू शकत नाही.

हीच चूक मुलाखतीच्या खोलीत रोज ऐकू येते. ‘मायसेल्फ सुनील, फ्रॉम सातारा.’ यावर पुष्कळ टिंगल होते, पण ती करणाऱ्यांनी चूक कुठून येते हे पाहिलेलं नसतं. मराठीत आपण ‘मी सुनील’ म्हणतो आणि वाक्य पूर्ण होतं. क्रियापद लागत नाही. तेच इंग्रजीत न्यायला गेलं तर ‘आय सुनील’ होतं, आणि ते कानाला लगेच लंगडं वाटतं. मग त्या ‘आय’ला काहीतरी वजन द्यावं म्हणून ‘मायसेल्फ’ येतो. त्यात फोनवर ‘मी स्वतःच बोलतोय’ म्हणायची आपली सवय असतेच. खरं तर त्या वाक्यात कमी होतं ते फक्त ‘ॲम’. ‘आय ॲम सुनील’ म्हटलं की काम झालं. गंमत म्हणजे ‘लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ’ हे अगदी बरोबर आहे. तिथे ओळख करून देणारा मीच आणि ज्याची ओळख करून द्यायची तोही मीच.

नोटिशीचं दुसरं वाक्य होतं, ‘आय मायसेल्फ हॅव सीन द क्रॅक.’ मी पेन खाली ठेवलं. सेक्रेटरी म्हणाले, “हेही खोडणार ना?” नाही, हे बरोबर आहे. इथे ‘मायसेल्फ’ जोर देतो. भेग मी स्वतः पाहिली आहे, कोणाच्या सांगण्यावरून बोलत नाही. याची खूण सोपी आहे: शब्द काढून टाका. ‘आय हॅव सीन द क्रॅक’ हे वाक्य शाबूत उरतं, फक्त जोर जातो. पहिल्या वाक्यातून काढला असता तर नुसते ट्रेझरर उरले असते.

याच्या शेजारी एक छोटा खड्डा आहे. ‘आय वेंट अप मायसेल्फ’ म्हणजे मी स्वतः वर गेलो, माणूस पाठवला नाही. मधे ‘बाय’ घातलं, ‘आय वेंट अप बाय मायसेल्फ’ झालं, की अर्थ होतो मी एकटा वर गेलो. सेक्रेटरींसोबत ट्रेझरर होते. दोन अक्षरांच्या ‘बाय’मुळे ते गच्चीवरून गायब झाले असते.

चौथं वाक्य आधी घेतो. ‘फॉर कम्प्लेंट्स कॉन्टॅक्ट द ट्रेझरर ऑर मायसेल्फ.’ ही आज्ञा आहे, तेव्हा तिचा कर्ता न लिहिलेला ‘यू’, म्हणजे नोटीस वाचणारा सभासद. क्रिया त्याच्याकडे उलटली तर ‘युअरसेल्फ’ येईल, ‘मायसेल्फ’ येणार नाही. शंका आली तर ट्रेझररना क्षणभर वाक्याबाहेर बसवावं. ‘कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ असं सेक्रेटरींनीही लिहिलं नसतं, सरळ ‘कॉन्टॅक्ट मी’ लिहिलं असतं. ट्रेझरर परत आत आले म्हणून ‘मी’ बदलायचं कारण नाही.

ही चूक मात्र आपल्या एकट्यांची नाही, हे सांगायला हवं. जन्माने इंग्रजी बोलणारेही ती करतात, आणि नेमकी अशाच जोडनावात. लहानपणी ‘मी अँड टॉम वेंट’ म्हटल्यावर तिथलं पोर ओरडा खातं. मग मोठं झाल्यावर ते ‘मी’ हा शब्दच टाळायला लागतं, जिथे तो हवा असतो तिथेसुद्धा. ‘आय’ की ‘मी’ ठरत नसलं की ‘मायसेल्फ’मागे लपायचं. ब्रिटनमधल्या कॉल सेंटरवर तर गिऱ्हाइकालाही नम्रतेने ‘युअरसेल्फ’ म्हणतात. आयर्लंडमध्ये घरच्या किंवा कचेरीतल्या मुख्य माणसाला नुसतं ‘हिमसेल्फ’ म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि ती तिथे कोणी चूक मानत नाही. जोडनावातला ‘मायसेल्फ’ जुन्या नावाजलेल्या लेखकांतही सापडतो. त्यामुळे ‘द ट्रेझरर ऑर मायसेल्फ’ला मी पाप म्हणणार नाही. पण अर्जात, नोटिशीत, कचेरीच्या पत्रात तो खटकतो आणि ‘मी’ कधीच खटकत नाही. मग धोका कशाला पत्करायचा?

आता तिसरं वाक्य. ‘मेंबर्स ऑन द सेकंड अँड थर्ड फ्लोअर्स आर ब्लेमिंग देमसेल्व्ह्ज.’ हे वाचून मी चष्मा काढला. दोन मजल्यांवरचे सगळे सभासद कपाळाला हात लावून ‘चुकलं हो आमचं’ म्हणताहेत, असा याचा अर्थ होतो. असे सभासद कोणत्या सोसायटीत असतात? सेक्रेटरींना म्हणायचं होतं की ते एकमेकांना दोष देताहेत. त्यासाठी ‘ईच अदर’ हवं. आरशासमोर उभे राहून आम्ही स्वतःला पाहिलं तर ‘अवरसेल्व्ह्ज’, आणि मी तुमच्याकडे, तुम्ही माझ्याकडे पाहिलं तर ‘ईच अदर’.

सेक्रेटरी घसरले त्याला कारणही आहे. आपल्या ‘आपण’च्या पोटी ‘आपापसात’ आणि ‘आपापले’ असे दोन शब्द आहेत. ‘ते आपापसात भांडतात’ हे इंग्रजीत ‘दे फाइट अमंग देमसेल्व्ह्ज’ असंच होतं, आणि ते बरोबर आहे. तिथे ‘अमंग’ अदलाबदलीचा अर्थ आणतं. ते काढलं की अर्थ सरळ उलटा पडतो. ‘आपापले’साठी तर इंग्रजीत एकच असा शब्द नाही. ‘सगळे आपापल्या घरी गेले’ हे सांगायला तिथे जरा खटपट करावी लागते.

‘आपण’चा दुसरा चकवा याहून खोल आहे. ‘सुनीता म्हणाली, की लीनाने आपल्याला दुखावलं.’ हे आपल्याला, म्हणजे कोणाला? बहुतेकांच्या कानाला सुनीताला. ‘लीनाने स्वतःला दुखावलं’ म्हटलं तर मात्र लीनाला. म्हणजे आपला ‘आपण’ पोटवाक्याच्या भिंतीवरून उडी मारून बाहेरच्या कर्त्याला जाऊन भेटतो, आणि ‘स्वतः’ घरातच राहतो. इंग्रजी ‘हरसेल्फ’ला ही उडी येत नाही. ‘सुनीता सेड दॅट लीना हॅड हर्ट हरसेल्फ’ याचा अर्थ एकच, लीनाने स्वतःला दुखावलं. सुनीताला म्हणायचं असेल तर साधं ‘हर’. नोम चॉम्स्की यांनी १९८१ च्या ‘लेक्चर्स ऑन गव्हर्नमेंट अँड बाइंडिंग’ या पुस्तकात ‘सेल्फ’ आणि ‘ईच अदर’ या शब्दांना आपला धनी जवळच सापडला पाहिजे, असा नियम मांडला. आपल्या ‘आपण’सारखे उडी मारणारे शब्द त्या नियमाला अडचणीचे ठरतात, आणि काशी वाली या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मराठीतल्या या शब्दांचा बारकाईने अभ्यास केला आहे. घरच्या घरी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: इंग्रजीत लिहिताना ‘सेल्फ’चा कर्ता त्याच छोट्या वाक्यात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

पाचव्या वाक्यात सेक्रेटरींनी टाकीच्या दुरुस्तीनंतरच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रण जोडलं होतं: ‘ऑल आर रिक्वेस्टेड टू कम अँड एंजॉय.’ चार वाक्यांत हवा-नको तिथे ‘सेल्फ’ पेरणाऱ्या माणसाने तो हवा तिथे गाळला होता. आपली ‘मजा करा’ स्वयंपूर्ण आहे, पण ‘एंजॉय’ला कर्म लागतं. एक तर ‘एंजॉय द प्रोग्रॅम’, नाही तर ‘एंजॉय देमसेल्व्ह्ज’. हॉटेलात ताट ठेवताना नुसतं ‘एंजॉय’ म्हणतात ते आता जगभर चालतं, लेखी वाक्यात अजून नाही. मी ते वाक्य सरळ सभासदांना उद्देशून केलं आणि ‘एंजॉय युअरसेल्व्ह्ज’ लिहिलं. एकाला ‘युअरसेल्फ’, अनेकांना ‘युअरसेल्व्ह्ज’. इंग्रजीत ‘यू’ एकासाठीही तेच आणि शंभरांसाठीही तेच, पण इथे मात्र प्रमाण इंग्रजीलासुद्धा एकवचन-अनेकवचन सांगावंच लागतं.

“आणि ईच अदर की वन अनदर?” सेक्रेटरी उठता उठता म्हणाले. “आम्हाला शाळेत दोघांना ईच अदर, जास्तांना वन अनदर शिकवलं होतं.” मलाही तेच शिकवलं होतं. पण इंग्रजीच्या वापराबद्दल ज्यांचा शब्द प्रमाण मानतात त्या फाउलर यांनी १९२६ सालीच हा भेद निराधार ठरवला आहे. दोन मजल्यांवर आठ बिऱ्हाडं आहेत, तरी ‘ईच अदर’ चालतं.

नोटीस लागली. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ सेक्रेटरींकडे तक्रार घेऊन आले. दुसरा मजला त्यांना दोष देतो हे खरं, पण त्यांनी कोणाला काही म्हटलेलं नाही, मग ‘ईच अदर’ कसं? गृहस्थांचं म्हणणं व्याकरणात बसत होतं. दोष दोन्हीकडून दिला गेला नसेल तर ‘ईच अदर’ खोटं ठरतं. सेक्रेटरींनी ते वाक्यच काढून टाकलं.